साठ सेकंदांत न मावलेलं वाक्य

बुधवारी दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी सुलोचनाने दवाखान्याचं शटर कमरेपर्यंत वर केलं, वाकून आत शिरली आणि ते आतून पुन्हा खाली ओढलं. शटर पूर्ण वर गेलेलं दिसलं की डिचोलीच्या बाजाराला आलेली माणसं पिशव्यांसकट बाकांवर येऊन बसत, आणि बुधवार हा बाजाराचाच दिवस. चार वाजता दवाखाना सुरू होईपर्यंतचा वेळ तिचा असे. तिने सिरिंजा उकळायला ठेवल्या, टेबल पुसलं आणि टेलिफोनशेजारच्या यंत्राकडे पाहिलं. त्याच्यावरचा लाल दिवा चार वेळा लुकलुके, थांबे, पुन्हा चार वेळा लुकलुके. चार निरोप होते.

डॉक्टर गोकुळदासांच्या मेव्हण्याने हे यंत्र मस्कतहून आणून दिलं होतं. दवाखाना बंद असताना फोन आला, की चार घंटा झाल्यावर यंत्र तो उचलायचं, एका कॅसेटवरचा सुलोचनाचा आवाज ऐकवायचं, मग ‘बीप’ वाजवून समोरच्याचं बोलणं दुसऱ्या कॅसेटवर घ्यायचं. त्या बोलण्याला अर्धं मिनिट मिळे. त्यानंतर यंत्र फोन तोडायचं, मग कोणी वाक्याच्या मध्यावर असो की शेवटावर.

तिने बटण दाबलं, पेन उघडलं.

पहिला निरोप कारापूरच्या एका बाईचा. मुलाच्या खरजेसाठी संध्याकाळचा नंबर लावा. सुलोचनाने लिहून घेतलं. दुसरा निरोप सुरू झाला तो ट्रकच्या आवाजाने. कुणीतरी खाकरलं.

“सुलोचनाबाय, मी सगुण बोलतंय, पाळीचो.”

मग कॅसेटवर शांतता. माणूस उत्तराची वाट बघत होता.

“जेवलास मा?... आयकूक येता मा?... बाजाराचो दिस, तुमका आज गर्दी असतली. डॉक्टर बरे आसत? डॉक्टरीण बरी आसा?” पुन्हा शांतता. मागून कुणी बाई हळू काहीतरी बोलली. “तसा नाय, सुलोचनाबाय, मामांक जरा बरा वाटना नाय. जेवान उठले आणि छातीत...”

फोन तुटला.

सुलोचनाचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तसंच राहिलं.

तिसरा निरोपही त्याचाच. या वेळी तो भरभर बोलत होता, पण आवाज खालचा, डॉक्टरांना झोपेतून उठवल्यासारखा अपराधी. “सुलोचनाबाय, फोन तुटलो. पांडुरंगमामांच्या छातीत दुखता. डाव्या हातात कळ येता, घाम खूप इलो. डॉक्टरांक सांगा. आमी अनंताच्या दुकानात फोनाकडेच बसलंव. डॉक्टर फोन करतले तोपर्यंत हयच आसंव.”

चौथ्या निरोपात कोणी बोललंच नाही. एक ट्रक गेला, दुसरा गेला, कुणीतरी श्वास घेतला, रिसीव्हर खाली ठेवला.

मस्कतचं यंत्र स्वस्तातलं होतं. निरोप किती वाजता आला हे ते सांगत नसे. दवाखाना एक वाजता बंद झाला होता. सगुणचा फोन एक वाजून दहा मिनिटांनी आला असेल किंवा आत्ता, ती शटरखालून वाकत असताना. जेवून उठले, असं तो म्हणाला होता. पाळीला खाणीवर काम करणारी माणसं दीडच्या आत जेवतात.

ती आतल्या जिन्याने वर धावली. डॉक्टर झोपले होते. त्यांच्या बायकोने, शुभांगीबाईंनी, दार उघडलं आणि सुलोचनाचा चेहरा पाहून काही विचारलं नाही, सरळ नवऱ्याला हाक मारली. डॉक्टर गंजीफ्राकवर खाली आले. सुलोचनाने तिसरा निरोप पुन्हा लावला. “हात” हा शब्द ऐकताच त्यांनी यंत्र बंद केलं.

“नंबर?”

“दिलेला नाही.”

पण अनंतच्या दुकानाचा नंबर पाळीच्या निम्म्या लोकांच्या केसपेपरवर होता. घरी फोन नसलेला माणूस शेजारच्या दुकानाचा नंबर देतो आणि पुढे ‘पीपी’ लिहितो, तशी त्या वर्षांत सगळीकडेच रीत होती. सुलोचनाला तो पाठ होता. तिने फिरवला.

पहिली घंटा पुरी वाजलीच नाही. पलीकडे रिसीव्हर इतक्या झटकन उचलला गेला की तो माणूस त्यावर हात ठेवून बसला असणार, हे कळायला वेळ लागला नाही.

“डॉक्टर?” सगुणने विचारलं.

डॉक्टरांनी फोन घेतला. मामा शुद्धीवर आहेत का. आहेत. बोलतात का. कमी. दुखणं थांबलं का. नाही. कधीपासून. सगुण थांबला आणि म्हणाला, दीड वाजता सुरू झालं असेल.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. सुलोचनानेही पाहिलं. नंतर कितीतरी दिवस ती भिंतीवरच्या त्या घड्याळाकडे पाहणं टाळत असे.

“अनंताच्या दुकानात अॅस्पिरीन आहे? एक गोळी पाण्यात विरघळवून दे. लगेच. त्यांना चालवू नको. उचलून गाडीत घाला, आडवे नको, अर्धे बसलेले. इकडे डिचोलीला आणू नको, माझ्याकडे काही नाही. थेट बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्या. मी तिथे कळवतो. गाडी आहे?”

“ट्रक उबोच आसा दुकानासमोर. आमचोच.”

“कधीपासून उभा आहे?”

“दुपारपासून.”

डॉक्टर ओरडले. दवाखान्यात ते कधीच ओरडत नसत. “मग अरे नेलं का नाहीस त्यांना?”

फोनमधून आलेला आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. त्यात तक्रार नव्हती. सांगितलेलं नीट पाळल्याची ग्वाही होती.

“तुमीच सांगितलास न्हय, डॉक्टर फोन करतले म्हणान. फोन इलो आणि आमी हय नसलंव तर?”

शुभांगीबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या. सुलोचना उभीच राहिली. सिरिंजांच्या भांड्यातलं पाणी उकळून बाहेर यायला लागलं होतं, त्याचा वास खोलीत पसरला, पण ते बंद करायला कोणी हललं नाही.

*

सुलोचना नार्व्याची. तिचे वडील देवळाजवळच्या सुपारीच्या कुळागरात राबायचे. गोवा मुक्त झाला तेव्हा ती पाळण्यात होती. मराठी शाळेत मॅट्रिक झाली, घरी कोंकणी बोलली, आणि वडील अंथरुणाला खिळल्यावर त्यांच्या औषधासाठी डॉक्टर गोकुळदासांकडे येता येता तिथेच कामाला लागली. आधी पट्ट्या बांधणं, मग पुड्या, मग टेलिफोन. लग्न ठरलं होतं, मोडलं, त्याबद्दल ती बोलत नसे आणि कोणी विचारतही नसे.

फोनवर तिचं नाव झालं. साऱ्या तालुक्याला तिचा आवाज माहीत होता. माणसं नंबर लावायला फोन करत आणि जाता जाता शेवटची बस गेली का, हेही विचारत. ती सांगे. तिच्या बोलण्यात घाई नसे. “सांग रे, कितें जालां?” असं ती म्हणाली की फोनवरचा माणूस स्वतःहूनच सगळं सांगून टाकी. डॉक्टर थट्टेने म्हणत, निम्मं दुखणं सुलोचना फोनवरच बरं करते, मग मी फी कशाची घेऊ?

त्यामुळे यंत्र आलं तेव्हा आवाज कुणाचा, हा प्रश्नच आला नाही. प्रश्न आला तो भाषेचा.

घटकराज्य होऊन सात वर्षं झाली होती. भाषेचं भांडण रस्त्यावरून उतरून दवाखान्याच्या बाकांवर येऊन बसलं होतं. यंत्रावर काय बोलायचं याचा कागद सुलोचनाने लिहायला घेतला आणि बाकांवर जो तो परीक्षक झाला. एक निवृत्त मास्तर म्हणाले, “पयली कोंकणी गे बाय. राजभास ती.” पलीकडचा बसमालक तोंडातल्या थर्मामीटरसकट बोलला, “मास्तर, आणि तुमच्या नातवाला मराठी शाळेत कोणी घातलं, मी?” मास्तर म्हणाले, “तो प्रस्न शिक्षणाचो, हो टेलिफोनाचो.” सगळे हसले. पण दोघेही जाताना तिला वेगवेगळं बजावून गेले.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही समान बोल, मला कटकट नको.

समान म्हणजे समान. नमस्कार दोनदा, डॉक्टरांचं नाव आणि पदवी दोनदा, सकाळ-संध्याकाळच्या वेळा दोनदा, गुरुवारची संध्याकाळ आणि रविवार बंद हेही दोनदा, नंबर कसा लावायचा तेही दोनदा. तिचा आवाज ऐकवणारी कॅसेट साठ सेकंदांची. तिसऱ्या प्रयत्नातही आवाज ‘इस्पितळात’ या शब्दाच्या मधोमध तुटला. तेव्हा काहीतरी काढावं लागणार होतं. नमस्कार काढला तर उद्धट वाटेल. पदवी काढली तर डॉक्टर काही बोलणार नाहीत, पण शुभांगीबाई बोलतील. वेळा तर काढताच येत नव्हत्या. राहिलं होतं शेवटचं वाक्य: छातीत दुखलं, साप चावला, रक्त थांबलं नाही तर वाट न पाहता थेट इस्पितळात जा. सुलोचनाला वाटलं, हे सांगायला कशाला हवं? हे तर पोरासोरांनाही कळतं. ते तिने खोडलं आणि त्या जागी बसेल असं छोटं वाक्य घातलं. दोन्ही भाषांत ते सहा सेकंदांत बसलं.

“तातडीचं काही असल्यास निरोप ठेवा. डॉक्टर फोन करतील.”

कागद डॉक्टरांनी वाचला होता. बरोबर आहे, म्हणाले होते. आणि त्यांच्या मनात त्याचा अर्थ असा होता की चार वाजता खाली आल्यावर ते फोन करतील. कधी, ते वाक्यात नव्हतं. यंत्रात बोललेलं ऐकायला दुपारी खाली कोणीही नसतं, हेही कुठे नव्हतं. यंत्र घेतलंच होतं ते दुपारच्या झोपेत फोन वर वाजू नये म्हणून. आधी वरच्या खोलीत दुसरा फोन होता. यंत्र लावलं त्याच दिवशी तो काढून टाकला होता.

*

पांडुरंग त्या दिवशी जिवंत बांबोळीला पोचले. पाळीहून निघाल्यावर खनिजाच्या गाड्यांची रांग लागली होती, पण ट्रक सगुणच्याच मालकाचा असल्याने पुढच्या गाड्यांनी हॉर्नची खूण ओळखून वाट दिली. रात्री ते गेले. गुरुवारी सकाळी अनंतने दुकानातून फोन करून तेवढंच सांगितलं आणि विचारलं, आज दवाखाना किती वाजेपर्यंत आहे, त्याच्या आईला दाखवायचं होतं. सुलोचनाने सांगितलं, एक वाजेपर्यंत, संध्याकाळी बंद. रिसीव्हर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नेहमीच्याच आवाजात बोललो.

डॉक्टरांनी दोन दिवसांनी एकदाच विषय काढला. म्हणाले, झटका मोठा होता, दोन वाजता निघाले असते तरी सांगता येत नाही. ती म्हणाली, “सांगता येत नाही, म्हणजे वाचलेही असते.”

बाराव्याला ती पाळीला गेली. पांडुरंग मूळ सावंतवाडीकडचे, खाणीवर गाड्यांची नोंद ठेवणारे, निवृत्त झाल्यावर गावी न परतता इथेच राहिलेले. घर अनंतच्या दुकानामागेच होतं. अंगणातल्या तुळशीवरही लाल धूळ. सगुण दारात उभा होता, तो तिला पाहून हसलाच, ओळखीचं माणूस आल्यावर हसतात तसा. तिला वाटलं होतं, तो तोंड फिरवील. त्याने बसायला खुर्ची आणून ठेवली.

पांडुरंगांची बायको चंद्रावती भिंतीला टेकून बसली होती. तिने सुलोचनाला कधी पाहिलेलं नव्हतं. सगुणने नाव सांगितल्यावर तिने हात पुढे केला आणि सुलोचनाला खुर्चीवरून उठवून आपल्या शेजारी चटईवर बसवून घेतलं.

“तूच ती. मी फोनाक कान लावन बसलेलंय, सगुणाच्या बगलेत. तुजो आवाज आयकलंय आणि माका धीर इलो. ह्येंका म्हटलंय, आता भियाव नको, सुलोचनाबाय आसा.”

सुलोचनाने मान खाली घातली.

“सगुणान तीन फेरी फोन केल्यान. तीनय फेरी तू तसाच बोललंस. गोड, सावकाश. एक शबुद बदललो नाय.” चंद्रावतीने विचारलं, “तू आयकत होतंस मा? आमी बोलत होतंव ता?”

खोलीत आणखी दोन-तीन बायका होत्या. एकीने तांदूळ निवडणं थांबवलं.

“ना,” सुलोचना म्हणाली. “तें यंत्र. कॅसेट आसा. हांव घरा आशिल्लें, नार्व्याक.”

“म्हणजे डॉक्टरांनी आयकला?”

“ते वर झोपले होते.”

चंद्रावतीने सगुणकडे पाहिलं, परत सुलोचनाकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. सगुणलाही माहीत नव्हतं. बारा दिवस ते दोघं असंच समजत होते की पलीकडे कोणीतरी ऐकलं होतं, डॉक्टर बाहेर गेले असतील, कुठे दुसऱ्या पेशंटला बघत असतील आणि उशीर झाला असेल. उशीर हा माणसांना होतोच, त्याबद्दल राग कसला?

“म्हणजे थय कोणूच नाय होता?”

सुलोचनाने मान हलवली.

“कोणूच नाय,” चंद्रावती स्वतःशी म्हणाली. तिने सुलोचनाच्या हातावरचा हात काढून घेतला. रागाने नव्हे, पदर सावरायचा असल्यासारखा. पण पदर जागेवरच होता. सगुण दारातून बाहेर गेला आणि ट्रकच्या पायदानावर जाऊन बसला. तो परत आत आला नाही. सुलोचना शेवटच्या बसने घरी गेली.

*

पुढच्या बुधवारी सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, तिने डॉक्टरांना खाली बोलावलं आणि समोर नवा कागद ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचून भुवया उंचावल्या.

“‘हे यंत्र आहे. इथे कोणी ऐकत नाही.’ सुलोचने, लोक भितील.”

“भिऊं दी.”

“आणि पदवी कुठे गेली माझी?”

“पदवी भायल्या पाटयेर आसा. थंय वाचूं दी.”

जिन्यावरून शुभांगीबाई म्हणाल्या, “बरोबर बोलते ती.” डॉक्टरांनी कागद परत दिला.

यंत्राच्या मागे एक छोटी कळ होती. ती सरकवली की यंत्र फक्त बोलत असे, समोरच्याचं काही घेत नसे, ‘बीप’ही वाजवत नसे. इतके महिने तिला कोणी हात लावला नव्हता. सुलोचनाने ती नखाने सरकवली. मग पंखा बंद केला, खिडकी लावली आणि तोंड माइकजवळ नेलं. आवाज गोड होऊ नये म्हणून तिने उभं राहून वाचलं. पहिली दोन वाक्यं आणि इस्पितळाचं वाक्य कोंकणीत, मग तेच मराठीत. उरलेलं सारं एकदाच, मराठीत, सावकाश.

“हें यंत्र. हांगा कोण आयकना. छातींत दुखता, सोरोप चाबला, रगत राबना, भुरग्याक आंकडी येता, जाल्यार फोन दवरात आनी आतांच इस्पितळांत वचात.”

“हे यंत्र आहे. इथे कोणी ऐकत नाही. छातीत दुखत असेल, साप चावला असेल, रक्त थांबत नसेल, मुलाला आकडी येत असेल, तर फोन ठेवा आणि आत्ताच म्हापशाच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात जा. डॉक्टरांची वाट पाहू नका. गाडी नसेल तर सरकारी आरोग्य केंद्राला फोन करा.” इथे तिने केंद्राचा नंबर दोनदा सांगितला. “दवाखाना सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी चार ते सात. गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी बंद. नंबर लावायला सकाळी साडेआठनंतर फोन करा. इथे निरोप घेतला जात नाही.”

छप्पन्न सेकंद झाले. उरलेल्या चारांत तिने काही घातलं नाही.

संध्याकाळी मास्तर आले. त्यांनी दुपारी फोन करून ऐकलं होतं. म्हणाले, वेळा कोंकणीत नाहीत, आणि नमस्कारही नाही, हे काय? सुलोचनाने त्यांचा नंबर लिहिला, रक्तदाब बघायला आत पाठवलं आणि पुढच्या माणसाचं नाव विचारलं. मास्तर आत जाताना काहीतरी म्हणाले, पण तिने वर पाहिलं नाही.

सात वाजता तिने यंत्र सुरू केलं, शटर ओढलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या फार्मसीत गेली. तिथल्या फोनवरून तिने दवाखान्याचा नंबर फिरवला. चार घंटा झाल्या. तिने स्वतःचा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला, पुढे काही वाजत नाही याची खात्री केली आणि रिसीव्हर ठेवला. फार्मसीवाला गमतीने म्हणाला, स्वतःलाच फोन करते काय गे? ती म्हणाली, रोज करणार, यंत्र लावलं की, दुपारी आणि संध्याकाळी.

उद्या गुरुवार आहे. यंत्र दुपारी एक वाजता लागेल, एक वाजून पाच मिनिटांनी फार्मसीतून त्याची तपासणी होईल आणि शुक्रवारी सकाळी साडेआठपर्यंत दवाखान्याचा फोन तेच उचलेल.